प्रकल्प नोंदी: मासिक डेटा फाइल, रकाने आणि तारखेची पद्धत

३ जून २०२५

पुरवठादाराकडून आलेली मे महिन्याची पाठवणी फाइल काल रात्री आमच्या डेटाबेसमध्ये लोड झाली. लोडरने एकही चूक दाखवली नाही. सकाळी पाठवणीचा आलेख उघडला तर ६ ते १२ मे हे सात दिवस कोरे. १ ते ५ मे व्यवस्थित, १३ ते ३१ मे व्यवस्थित, मध्येच खड्डा.

पुरवठादाराकडे फोन केला. त्यांचं म्हणणं, एकही दिवस काम बंद नव्हतं, फाइलही पूर्ण आहे. फाइलमध्ये ३,७४२ ओळी आहेत आणि आमच्या मे महिन्याच्या अहवालात २,८९६. म्हणजे ओळी आल्या, पण मे महिन्यात बसल्या नाहीत.

मूळ फाइल एक्सेलमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये उघडली. ही सवय मला फार उपयोगी पडली आहे. एक्सेल फाइल दाखवताना तिचा स्वतःच्या मनाने अर्थ लावतं, नोटपॅड जे आहे तेच दाखवतं. तारखेच्या जागी `06/05/2025` असं लिहिलेलं होतं. मग डेटाबेसमध्ये ५ जून २०२५ या तारखेच्या ओळी शोधल्या. आज ३ जून आहे, तरी ५ जूनच्या ११८ ओळी सापडल्या. पुढे ५ जुलै, ५ ऑगस्ट, अगदी ५ डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेला ओळी बसलेल्या.

४ जून

आज पूर्ण उलगडा झाला. तो नीट लिहून ठेवतो, कारण हा दोष डोळ्यांना सहज चकवतो.

पुरवठादार दिवस आधी, महिना नंतर लिहितो. आमचा लोडर `pandas` या पायथन लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवर चालतो. ती आवृत्ती महिना आधी धरते आणि प्रत्येक ओळीचा निर्णय वेगळा घेते. `13/05/2025` मध्ये १३ हा महिना असू शकत नाही, म्हणून तिथे ती गुपचूप दिवस आधी धरते आणि बरोबर उत्तर देते. `06/05/2025` मध्ये मात्र दोन्ही अर्थ लागतात, म्हणून ती ५ जून घेते. एकाच रकान्यात १२ पर्यंतचे दिवस उलटे आणि १३ पासूनचे सुलटे. १२ पर्यंतच्या दिवसांत फक्त ५ मे वाचला, कारण तो दोन्हीकडून सारखाच.

२०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून `pandas` रकान्यातल्या पहिल्या नोंदीवरून एकच पद्धत ठरवतं आणि न जुळणारी ओळ आली की थांबतं. आमच्या फाइलची पहिली ओळ १ मेची असल्याने नव्या आवृत्तीने महिना आधी धरला असता आणि १३ तारखेला अडकून चूक दाखवली असती. पण पहिल्या ओळीवर भरवसा ठेवणं हा काही उपाय नाही.

मला खरं छळत होतं ते वेगळंच. १ ते ४ मे कसे काय भरलेले दिसले? ते दिवसही उलटायला हवे होते. उलटलेच होते. १ मेच्या ओळी ५ जानेवारीला गेल्या, २ मेच्या ५ फेब्रुवारीला, ३ मेच्या ५ मार्चला, ४ मेच्या ५ एप्रिलला. आणि त्यांच्या रिकाम्या जागी जानेवारीच्या फाइलमधल्या ५ जानेवारीच्या ओळी १ मे बनून आधीच येऊन बसल्या होत्या, फेब्रुवारीतल्या २ मे बनून, आणि तसंच पुढे. दिवस आणि महिन्याची ही अदलाबदल परस्पर असते. म्हणून प्रत्येक नवी फाइल मागच्या महिन्यांतले खड्डे बुजवत जाते, फक्त चुकीच्या मालाने.

म्हणूनच पाच महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. मागे वळून पाहिलं तर जुने महिने दर वेळी थोडे अधिक भरलेले दिसायचे. वर्षाची बेरीज तर कधीच बिघडली नसती, कारण ओळ त्या वर्षाबाहेर जातच नाही. आमची पडताळणी एकूण बेरजेवर होती आणि बेरीज शेवटपर्यंत बरोबरच आली असती. बिघडतं ते महिनावार चित्र, आणि बिलं तर महिनावारच निघतात.

५ जून

पुरवठादाराला मेल पाठवण्याआधी आपण आधी काय सांगितलं होतं ते शोधलं. जानेवारीतला आमचा मेल सापडला. त्यात वाक्य आहे: «तारीख योग्य नमुन्यात द्यावी व रद्द झालेल्या नोंदी काढून फाइल पाठवावी.» तारखेबद्दल एवढंच. योग्य नमुना कोणता, ते कुठेच नाही. त्यांनी त्यांच्या दृष्टीने योग्य तोच नमुना दिला. दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही.

मनात आलं होतं की आजच दोन ओळींचा मेल टाकावा, «कृपया वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख द्या», आणि मोकळं व्हावं. कंत्राट विभागातल्या सहकाऱ्याने थांबवलं. ते म्हणाले, «आधी त्यांच्याकडे फाइल कशी बनते ते विचारा. नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरंच काहीतरी बिघडून येईल.»

६ जून

फाइल तयार करणाऱ्या ताईंशी फोनवर पाऊण तास बोललो. त्यांनी स्क्रीन दाखवत एकेक पायरी करून दाखवली. आजचा दिवस सगळ्यात मोलाचा ठरला.

त्यांच्या प्रणालीतून जी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, निघते तिच्यात तारीख आधीच `2025-05-06` अशी असते. म्हणजे आम्हाला हवी तशीच! मग ताई ती फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडतात, रद्द नोंदी काढतात, रकाने आमच्या क्रमाने लावतात आणि सेव्ह करतात. फाइल उघडताक्षणी एक्सेल त्या मजकुराला तारीख म्हणून ओळखतं आणि संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे दाखवतं. सीएसव्ही सेव्ह करताना पेशीत जे दिसतं तेच फाइलमध्ये लिहिलं जातं. म्हणून बाहेर पडते ती `06/05/2025`. उद्या दुसऱ्या सेटिंगच्या संगणकावर कोणी हेच केलं तर `5/6/2025` बाहेर पडेल, आणि नुसती ती तारीख पाहून ते कोणालाच कळणार नाही.

याच टप्प्यावर आणखी एक नुकसान होत होतं. प्रणालीत पाठवणी क्रमांक आठ अंकी आहे, `00418207`. एक्सेलने त्याला संख्या समजून पुढची शून्यं काढून टाकली आणि आमच्याकडे `418207` आला. बिलावरचा क्रमांक आणि फाइलमधला क्रमांक जुळत नाही अशी हिशेब विभागाची तक्रार महिनाभर माझ्याकडे पडून होती. तिचंही कारण हेच निघालं.

ताईंना विचारलं, एक्सेलमध्ये उघडायची गरजच का पडते? त्या म्हणाल्या, «सर, तुम्हीच सांगितलंय ना, रद्द नोंदी काढा आणि रकाने या क्रमाने लावा.» बरोबर होतं त्यांचं. ती दोन्ही कामं आमचा लोडर एका क्षणात करू शकतो. आम्ही ती एका माणसाच्या हातावर टाकली आणि त्या हाताळणीतच तारीख बिघडली.

म्हणून मेलचा मुख्य मुद्दा आता बदलला. त्यांना तारखेची पद्धत बदलायला सांगायचं नाही. फाइल न उघडता पाठवायला सांगायचं, आणि त्यासाठी आमच्या दोन मागण्या मागे घ्यायच्या.

९ जून

मेलचा मसुदा तयार. दोन वेळा नव्याने लिहिला. पहिल्या मसुद्यात नियम खूप होते आणि नमुना एकही नव्हता. फाइल बनवणारा माणूस आधी नमुन्याशी ताडून पाहतो, नियम नंतर वाचतो. म्हणून नमुना वर घेतला. अंतिम मजकूर असा:

> विषय: मासिक पाठवणी फाइल – जून २०२५ पासून रकाने व तारखेची पद्धत
>
> नमस्कार,
>
> ६ जूनला आपण वेळ काढून फाइल तयार करण्याची पूर्ण पद्धत दाखवलीत, त्याबद्दल आभार. आमच्या जानेवारीच्या मेलमध्ये तारखेची पद्धत स्पष्ट लिहिलेली नव्हती. हा मेल त्या सूचनेच्या जागी समजावा.
>
> आपल्या प्रणालीतून जी फाइल निघते तीच आम्हाला हवी आहे. ती एक्सेलमध्ये न उघडता, निघेल तशी पाठवावी. रद्द झालेल्या नोंदी आता काढू नयेत. त्या `CANCELLED` या स्थितीसह तशाच राहू द्याव्यात, आम्ही त्या वेगळ्या करू. रकान्यांचा क्रमही आपल्या प्रणालीचाच ठेवावा. फाइल अशी दिसायला हवी:
>
> ```
> consignment_no,dispatch_date,delivery_date,branch_code,weight_kg,status
> 00418207,2025-05-06,2025-05-08,017,12.50,DELIVERED
> 00418211,2025-05-12,,004,3.00,IN_TRANSIT
> ```
>
> पहिली ओळ रकान्यांच्या नावांची. नावं अक्षरशः अशीच, लहान लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता. तिच्या वर कंपनीचं नाव, महिना किंवा शीर्षक नको आणि शेवटी बेरजेची ओळ नको.
>
> दोन्ही तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: वर्ष चार अंकी, महिना व दिवस दोन अंकी, मध्ये आडवी रेघ. ६ मे म्हणजे `2025-05-06`. `06/05/2025`, `6-May-25` किंवा तारखेसोबत वेळ असलेली नोंद आमच्याकडे नाकारली जाईल.
>
> माल अजून पोचला नसेल तर `delivery_date` पूर्ण रिकामा ठेवावा. `NA`, `-`, शून्य किंवा अंदाजे तारीख टाकू नये. `dispatch_date` मात्र कधीही रिकामा नसावा. कोणती नोंद कोणत्या महिन्याच्या फाइलमध्ये जाईल ते याच तारखेवरून ठरेल. ३१ मेला निघून २ जूनला पोचलेला माल मे महिन्याच्या फाइलमध्ये येईल.
>
> `consignment_no` नेहमी आठ अंकी व `branch_code` नेहमी तीन अंकी, पुढच्या शून्यांसह. वजन किलोत, दशांश टिंबाने, हजारांचा स्वल्पविराम न देता: `1250.00`.
>
> फाइलचं नाव `dispatch_2025-06.csv` असं, नावात डेटाचा महिना, पाठवल्याचा नव्हे. फाइल पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत पाठवावी. मेलमध्ये दोन आकडे लिहावेत: नावांची ओळ सोडून एकूण ओळी, आणि `weight_kg` ची बेरीज. हे आकडे आपल्या प्रणालीच्या अहवालातून घ्यावेत, फाइलमधून मोजून नव्हे.
>
> फाइल पाहायचीच असेल तर नोटपॅडमध्ये पाहावी. एक्सेलमध्ये पाहायची झाल्यास तिची प्रत काढून प्रत उघडावी, आणि ती प्रत आम्हाला पाठवू नये. पाठवण्याआधी मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या तीन ओळी वरच्या नमुन्याशी ताडून पाहाव्यात.
>
> फाइलमध्ये दुरुस्ती लागली तर फक्त चुकलेल्या ओळी न पाठवता त्या महिन्याची पूर्ण फाइल त्याच नावाने पुन्हा पाठवावी. आम्ही आधीची पूर्ण काढून नवी घेऊ.
>
> १२ जूनपर्यंत मे महिन्याची फाइल या पद्धतीने चाचणी म्हणून पाठवता आली तर जूनच्या आधी सगळं तपासून होईल. यातलं काही आपल्या प्रणालीत शक्य नसेल तर पर्याय काढण्याआधी मला फोन करावा.
>
> धन्यवाद.

एक वाक्य मी मुद्दाम घातलं आहे: आकडे प्रणालीच्या अहवालातून घ्यावेत. फाइल अर्धवट उतरली असेल आणि त्याच फाइलमधून ओळी मोजल्या, तर आकडा अर्धवट फाइलशीच जुळणार. पडताळणीचा आकडा दुसऱ्या वाटेने आला तरच त्याला अर्थ.

१० जून

मेल गेला. सहकाऱ्याने एक शंका काढली: एवढं करण्यापेक्षा ताईंना एक्सेलमध्ये `Format Cells` मधून `yyyy-mm-dd` लावायला सांगणं सोपं नव्हतं का? हा पर्याय मी करून पाहिला होता. तसं करून सेव्ह केलेली सीएसव्ही खरोखर बरोबर निघते. पण सीएसव्हीमध्ये पेशीची सजावट साठत नाही. कोणी तीच फाइल एकदा नजर टाकायला उघडली आणि बंद करताना सवयीने सेव्ह केली की तारीख पुन्हा संगणकाच्या पद्धतीत जाते. शून्यं तर पहिल्यांदा उघडतानाच गेलेली असतात, सजावटीने ती परत येत नाहीत.

आमच्या बाजूची ओळही आज बदलली. आधी लोडरमध्ये तारीख ओळखायचा प्रयत्न होता, आता एकच पद्धत आणि नाही जुळली तर थांबणं:

```python
df = pd.read_csv(path, dtype=str)
for col in ["dispatch_date", "delivery_date"]:
    df[col] = pd.to_datetime(
        df[col], format="%Y-%m-%d", errors="raise")
```

`dtype=str` मुळे प्रत्येक रकाना मजकूर म्हणून वाचला जातो; ते नसेल तर शून्यं आमच्याकडेच गळतील, आणि मग पुरवठादाराला दोष देत बसू.

यासोबत दोन छोट्या तपासण्या घातल्या. `dispatch_date` चा महिना फाइलच्या नावातल्या महिन्याशी जुळला पाहिजे, आणि कोणतीही तारीख आजच्या पुढची नसावी. यातली पहिली तपासणी जानेवारीपासून असती तर ५ जूनच्या त्या ११८ ओळी त्याच रात्री अडल्या असत्या.

१२ जून

चाचणीची फाइल आली, ताईंनी सांगितल्याप्रमाणे थेट प्रणालीतून काढलेली. पहिल्या फटक्यात लोड झाली. ओळी ३,८०५, त्यात रद्द ६३. ते वजा केले तर ३,७४२, म्हणजे आधीच्या फाइलइतक्याच. वजनाची बेरीजही त्यांच्या अहवालाशी जुळली.

१६ जून

ताई रजेवर असतील तेव्हा काय, म्हणून त्यांच्या बदली सहकाऱ्यालाही एक चाचणी पाठवायला सांगितलं होतं. बरं झालं. त्याने त्याच्या जुन्या एक्सेल साच्यातून फाइल काढली, तारखेची पद्धत मात्र मेल वाचून बरोबर लावली. लोडर ९४व्या ओळीवर थांबला. तिथे `delivery_date` मध्ये `1900-01-00` होतं.

अशी तारीख जगात नाही, पण एक्सेलमध्ये आहे. एक्सेल तारीख ही एक संख्या म्हणून साठवतं, १ म्हणजे १ जानेवारी १९००. साच्यातलं सूत्र दुसऱ्या पानावरची रिकामी पेशी वाचत होतं आणि रिकाम्या पेशीचं उत्तर शून्य येतं. त्या शून्यावर तारखेची सजावट चढली की `1900-01-00` दिसतं. माल पोचला नाही अशा प्रत्येक ओळीत हेच होतं. पाठवणी क्रमांकाची शून्यंही गायब होती.

त्याला फोन केला. तो म्हणाला, मेलमधला नमुना पाहिला, तारखा तशाच केल्या, «एक्सेलमध्ये न उघडता» हे वाक्य मात्र वाचायचं राहून गेलं. आमच्या मेलमध्ये ते वाक्य परिच्छेदाच्या मध्ये होतं. मेल पुन्हा पाठवला. या वेळी पहिलीच ओळ, एकटी: «फाइल प्रणालीतून काढा आणि एक्सेलमध्ये न उघडता पाठवा.» बाकी मजकूर तोच.

१८ जून

जानेवारी ते मे दुरुस्तीचं काम. डेटाबेसमध्येच दिवस-महिना पुन्हा उलटवून टाकावं असा विचार आला होता. कागदावर ते जमतं, पण त्यासाठी १२ पर्यंतची प्रत्येक ओळ खरंच उलटली होती याची खात्री हवी, आणि ती आता तपासता येत नाही. शिवाय शून्यं तशीच राहिली असती. त्यापेक्षा पुरवठादाराकडून पाचही महिन्यांच्या फाइली नव्याने मागवल्या. मे आधीच हातात आहे.

२४ जून

उरलेल्या चार फाइली आल्या. जुना डेटा काढून पाचही महिने पुन्हा लोड केले. आजच्या पुढची एकही तारीख उरली नाही. ६ ते १२ मे भरले. १ ते ४ मे आधीही भरलेलेच दिसत होते, पण आता तिथे मे महिन्याच्याच ओळी आहेत. खात्रीसाठी १ मेच्या दहा नोंदी बिलांशी ताडून पाहिल्या. दहाही जुळल्या, आठ अंकी क्रमांकासह.

जुन्या आणि नव्या महिनावार आकड्यांतला फरक काढून हिशेब विभागाला दिला. जानेवारीपासूनच्या प्रत्येक महिन्यात फरक आहे. बिलांवर त्याचा काय परिणाम होतो ते आता ते पाहतील.

३ जुलै

जूनची `dispatch_2025-06.csv` काल संध्याकाळी आली, सोबत मेलमध्ये दोन्ही आकडे. ओळी जुळल्या. वजन ०.५० किलोने कमी भरलं. ताईंना विचारलं. आमची फाइल काढून झाल्यावर आणि अहवाल काढण्याआधी प्रणालीत एका नोंदीचं वजन दुरुस्त झालं होतं. त्यांनी दोन्ही एकापाठोपाठ पुन्हा काढून त्याच नावाने पाठवलं आणि या वेळी बेरीज जुळली. मेलच्या मजकुरात अर्धं वाक्य वाढवलं: फाइल आणि अहवाल एकाच बैठकीत काढावेत.

आजच्या आलेखात ३० दिवस, ३० खांब.